इन्सिडन्स तेवढाच, मग प्रिव्हलन्स का वाढतो?

प्रश्न: थर्ड इयरला आहे. कम्युनिटी मेडिसिनच्या एमसीक्यूमध्ये आलं होतं, नवीन औषधाने मृत्यू टळतो पण आजार बरा होत नाही, तर काय होईल? उत्तर दिलंय, प्रिव्हलन्स वाढेल, इन्सिडन्स तसाच राहील. चांगल्या औषधाने आजार वाढतो हे डोक्यात बसतच नाही. कुणी गणितासकट समजावून सांगेल का?

उत्तर:

तुमची गाडी "आजार वाढतो" या शब्दांवर अडकलीय. वाढतात ती आजार अंगावर घेऊन जगणारी माणसं. आधी वर्षाला वीस जण आजारी पडायचे आणि चार वर्षांत जायचे, आता वीसच पडतात पण लवकर जात नाहीत, आणि एखाद्या दिवशी घरोघर जाऊन मोजलं की मागची शिल्लक माणसंही त्या आकड्यात येतात.

इन्सिडन्समध्ये माणूस एकदाच मोजला जातो, ज्या वर्षी तो नव्याने आजारी पडला त्या वर्षी. आता औषध कधी सुरू होणार, तर निदान झाल्यावर. म्हणजे पहिली गोळी पोटात जायच्या आधीच त्याची इन्सिडन्समधली नोंद झालेली असते, औषध कितीही चांगलं असू दे ती नोंद पुसली जात नाही, आणि त्याने गोळी घेतली म्हणून शेजारच्या धडधाकट माणसाला तो आजार होणं टळत नाही (संसर्गाचे आजार सोडून, त्यावर खाली लिहिलंय). प्रिव्हलन्समध्ये मात्र तोच माणूस दरवर्षी मोजला जातो, जिवंत आणि आजारी असेपर्यंत.

मला हे पुस्तकातून नाही, मामाच्या गोडाऊनमध्ये कळलं. आम्ही सोलापूरचे, मामा अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका चादरीच्या कारखान्यात गोडाऊन सांभाळायचे. मी पीएसएमचं पुस्तक घेऊन तिथे बसलो होतो आणि ते आवक-जावकची वही लिहीत होते. मी सहज विचारलं, मामा, गोडाऊनमध्ये माल किती असतो? ते म्हणाले, "लूमवरनं रोज शंभर चादरी येतात, सहा दिवसांत गाडी भरून जाते, म्हणजे सहाशे असतातच की." मग वहीचं पान उलटून म्हणाले, "आता गिऱ्हाईक नाही, नऊ-नऊ दिवस माल पडून राहतोय, नऊशे झाल्यात. मालक म्हणतोय लूम जास्त चालवलं काय रे. अरे बाबा लूम तेवढंच हाय, माल हालत नाही त्याला मी काय करू." मी वहीत वाकून बघितलं तर आवकेच्या रकान्यात खालपर्यंत १००, १००, १०० होतं आणि शिल्लकेचा रकाना चढत गेला होता. आवक म्हणजे इन्सिडन्स, शिल्लक म्हणजे प्रिव्हलन्स, आणि माल किती दिवस पडून राहतो तो आजाराचा सरासरी कालावधी. तुमचं सूत्र तेच आहे:

```
P = I × D
```

पार्कच्या पुस्तकातलं गणित तुम्ही केलं असेलच, हजारी दर वर्षाला १० नवीन, सरासरी ५ वर्षं आजार, म्हणून प्रिव्हलन्स हजारी ५०. ते सोपं आहे. पण त्यातून "का" कळत नाही, कारण ते एका जागी थांबलेलं चित्र आहे. म्हणून आपण चालतं चित्र घेऊ.

समजा एक लाख वस्तीचा भाग आहे आणि एक आजार आहे जो बरा होत नाही. दरवर्षी २० नवीन रुग्ण, आणि निदानानंतर माणूस सरासरी ४ वर्षं जगतो. आकडे मी गणितासाठी घेतलेत, कुठल्या खऱ्या आजाराचे नाहीत. प्रिव्हलन्स झाला २० × ४ = ८०. हे ८० स्थिर का राहतात ते बघा. सरासरी ४ वर्षं जगतात म्हणजे ढोबळमानाने दरवर्षी चौथा हिस्सा जातो, ८० चा चौथा हिस्सा २०. वीस आले, वीस गेले, शिल्लक ८०. हीच ती "स्टेबल कंडिशन" जी सूत्राच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेली असते आणि आपण वाचत नाही.

आता औषध आलं. बरं करत नाही, पण माणूस ४ ऐवजी १० वर्षं जगतो. मग दरवर्षी चौथ्या हिश्शाऐवजी दहावा हिस्सा जाईल. पहिल्या वर्षी ८० पैकी फक्त ८ जण जातात, आणि नवीन येणारे मात्र २० च आहेत, कारण लूम तेवढंच आहे. ८० मधून ८ गेले, २० आले, शिल्लक ९२. दुसऱ्या वर्षी ९२ चा दहावा हिस्सा ९ च्या आसपास गेला, २० आले, झाले १०३ च्या जवळपास. असंच चालू ठेवलं तर पाच वर्षांनी १२९, दहा वर्षांनी १५८, वीस वर्षांनी १८५. आणि शेवटी जाऊन थांबतं २० × १० = २०० वर, कारण २०० चा दहावा हिस्सा परत २० होतो आणि येणारे-जाणारे पुन्हा जुळतात.

या वीस वर्षांत एकाही वर्षी इन्सिडन्स २० वरून हलला नाही. वाढ झाली ती सगळी जाणाऱ्यांच्या दारातून. आपण "वाढलं" ऐकलं की येणाऱ्यांच्या दाराकडेच बघतो, तिथेच चूक होते.

आता एक गोष्ट जी मला स्वतःला बरेच दिवस टोचत होती. वरच्या गणितात मृत्यू बघा. औषधाच्या आधी वर्षाला २०, औषध आल्यावर पहिल्या वर्षी ८, मग ९, पाच वर्षांनंतर १३, दहा वर्षांनंतर १६, आणि शेवटी परत २०. म्हणजे मृत्यू आधी एकदम खाली येतात आणि मग हळूहळू तिथेच परत जातात! मग औषधाचा उपयोग काय झाला? मी हा प्रश्न माझ्या मॅडमना विचारला होता, त्यांनी खडू हातात घेतला आणि फळ्यावर दोनच गोष्टी लिहिल्या. आधी वीस जण प्रत्येकी ४ वर्षं जगायचे. आता वीस जण प्रत्येकी १० वर्षं जगतात. माणशी ६ वर्षं जास्त, वीस जणांची मिळून १२० वर्षं. आणि प्रिव्हलन्स किती वाढला? २०० वजा ८०, म्हणजे १२०. तेच १२०! दर वर्षी येणाऱ्या वीस जणांना औषधाने जेवढी जगण्याची वर्षं मिळाली तेवढेच लोक मोजणीत जास्त दिसले. त्या दिवसापासून वाढलेला प्रिव्हलन्स मला वाईट बातमी वाटला नाही, ती माणसं आधी असती तर गेली असती, आता ती ओपीडीच्या रांगेत उभी आहेत.

खरं उदाहरण हवं असेल तर इन्सुलिनचं घ्या. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन दिलं गेलं. त्याआधी टाइप १ डायबेटिस झालेली पोरं उपासमारीच्या डाएटवर ठेवायचे आणि तरी ती बहुतेक वेळा वर्षा-दोन वर्षांत जायची. थॉम्पसन १९३५ पर्यंत जगला, आणि गेला तो न्यूमोनियाने. आता एवढ्या एकाच मुलावर विचार करा. इन्सिडन्समध्ये तो एकदाच मोजला जाणार, ज्या वर्षी निदान झालं त्या वर्षी. प्रिव्हलन्समध्ये, दरवर्षी मोजणी केली तर, इन्सुलिनमुळे तो आणखी तेरा वेळा मोजला जाणार. इन्सुलिनने एकाही मुलाला टाइप १ होण्यापासून वाचवलं नाही, तो आजार होण्याचं कारण पॅनक्रियासमधल्या बीटा पेशी नष्ट होण्यात आहे आणि इन्सुलिनचं इंजेक्शन ते थांबवत नाही. म्हणून आवक तीच राहिली, शिल्लक वाढत गेली.

हे फक्त परीक्षेपुरतं नाही म्हणून एक अनुभव सांगतो. इंटर्नशिपमध्ये मी सोलापूर जिल्ह्यात एका ग्रामीण केंद्रावर होतो, तिथे बीपी-शुगरच्या पेशंटची कार्डं लाकडी पेटीत उभी लावलेली असायची. गोळ्या नियमित मिळायला लागल्यापासून कार्डं एवढी झाली की पेटीचं झाकण लागेना, सिस्टरनी दोरी बांधली होती. वरून आलेल्या एका साहेबांनी रिपोर्ट बघितला आणि सगळ्यांसमोर त्यांना झापलं, तुमच्या गावात आजार का वाढतोय, जनजागृती करत नाही का म्हणून. सिस्टर काही बोलल्या नाहीत. मी संध्याकाळी त्यांच्यासोबत बसून नवीन नोंदणीचं रजिस्टर काढलं, तर दर महिन्याची नवीन नावं जवळपास तेवढीच होती, चार-पाचाचा फरक. वाढली होती ती जुनी माणसं, जी आधी मध्येच गोळ्या सोडून द्यायची आणि कुणी लकवा मारून, कुणी हार्ट अटॅकने जायची, ती आता दर महिन्याला येत होती. (इथे अजून एक बारीक गोष्ट, कार्डांची संख्या म्हणजे गावातला खरा प्रिव्हलन्स नव्हे, ज्यांचं निदानच झालं नाही ते पेटीत नसतातच. पण दिशा तीच.) एवढं चांगलं काम करून त्या बाईंना बोलणी खावी लागली, का तर दोन शब्दांतला फरक वरच्या माणसाला माहीत नव्हता, याचा मला अजून राग येतो.

आता उलटी बाजू, कारण इथेच पेपर काढणारे फसवतात. "उपचार सुधारला" एवढंच वाचून प्रिव्हलन्स वाढला असं लिहू नका. उपचार सुधारला म्हणजे कालावधीचं काय झालं हे विचारा. मृत्यू लांबवला पण बरं केलं नाही तर कालावधी वाढतो, प्रिव्हलन्स वाढतो. लवकर बरं केलं तर कालावधी घटतो आणि प्रिव्हलन्स कमी होतो, इन्सिडन्स तरीही तोच. दोन्हीकडे माणूस शिल्लकेतून बाहेरच पडतो, मरून किंवा बरा होऊन, दार एकच.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्याकडचा कुष्ठरोग. पूर्वी डॅप्सोन वर्षानुवर्षं चालायचं, पेशंट रजिस्टरवर पडून राहायचा. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने एमडीटीची शिफारस केली, आपल्याकडे १९८३ पासून राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, आणि उपचाराला ठराविक शेवट आला. पुढे मल्टिबॅसिलरी पेशंटसाठी २४ महिन्यांचा कोर्स १९९७ नंतर १२ महिन्यांवर आणला. कोर्स संपला की नाव कमी. आता गणित करा, समजा लाखाला वर्षाला १० नवीन मल्टिबॅसिलरी पेशंट सापडतात. कोर्स २ वर्षांचा असताना रजिस्टरवर १० × २ = २०. कोर्स १ वर्षाचा केला की १० × १ = १०. प्रिव्हलन्स निम्मा झाला आणि गावात एकही नवीन पेशंट कमी झालेला नाही. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर दहा हजारांत एकाहून कमी प्रिव्हलन्स झाला आणि निर्मूलनाचं लक्ष्य गाठलं असं जाहीर झालं, त्यामागे खूप मोठी मेहनत होती यात वादच नाही, पण कालावधी कमी केल्याचाही त्या आकड्यात वाटा आहे, म्हणूनच कुष्ठरोगात प्रिव्हलन्ससोबत नवीन रुग्ण सापडण्याचा दर वेगळा बघावा लागतो. तो खाली आला तरच आवक कमी झाली म्हणायचं.

एमसीक्यूमध्ये अजून दोन ठिकाणी मुलं मार्क घालवतात ते सांगतो. पहिलं, युनिट. "हजारी दर वर्षाला १२ नवीन, आजार सरासरी २ महिने, प्रिव्हलन्स किती?" निम्मा वर्ग २४ लिहितो. इन्सिडन्स वर्षाचा आहे तर कालावधी पण वर्षातच हवा, २ महिने म्हणजे वर्षाचा सहावा हिस्सा, १२ भागिले ६ बरोबर २. हजारी २. उत्तर पडताळून बघायची सोपी खूण अशी, कालावधी वर्षापेक्षा कमी असेल तर प्रिव्हलन्सचा आकडा वर्षाच्या इन्सिडन्सपेक्षा लहानच यायला हवा. मोठा आला तर युनिट चुकलं.

दुसरं, आजार फार पसरलेला असेल तर P = I × D फुगवून सांगतं. इन्सिडन्सचा छेद कोण? ज्यांना आजार अजून नाही ते. हजारी १० आणि कालावधी ३० वर्षं घेतला तर सरळ गुणाकाराने हजारी ३०० येतात. पण ३०० आजारी असतील तर नव्याने आजारी पडायला ७०० च उरले, हजार नाही. त्यामुळे नीट सूत्र असं आहे:

```
P / (1 − P) = I × D
```

यात उजवीकडे ०.३ येतं, म्हणून P = ०.३ भागिले १.३, म्हणजे हजारी सुमारे २३१. ताळा करून बघा, उरलेले ७६९ गुणिले ०.०१ म्हणजे वर्षाला ७.७ नवीन, आणि २३१ भागिले ३० म्हणजे ७.७ जाणारे. जुळलं. ३०० घेतले असते तर ७ येतात आणि १० जातात, म्हणजे तिथे स्थिर राहूच शकत नाही. आपल्या पहिल्या गणितात लाखात ८० किंवा २०० होते, तिथे हा फरक नगण्य, म्हणून साधा गुणाकार चालला. परीक्षेत बहुतेक वेळा साधाच अपेक्षित असतो, शतकडा दहाच्या वर गेलं की हे आठवा.

आता संसर्गाच्या आजाराचं, जे मी वर सोडलं होतं. एचआयव्हीवर हा प्रश्न हमखास विचारतात. आपल्याकडे १ एप्रिल २००४ पासून सरकारी दवाखान्यात मोफत एआरटी सुरू झाली, औषधाने माणूस बरा होत नाही पण वर्षानुवर्षं जगतो, म्हणजे प्रिव्हलन्स वाढवणारी परिस्थिती तंतोतंत. पण एआरटीने रक्तातला व्हायरल लोड दाबला गेला की त्या माणसाकडून लैंगिक संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही, म्हणून पुरेसे लोक नीट औषध घेऊ लागले की इन्सिडन्ससुद्धा खाली येतो. म्हणजे इथे औषध दोन्ही दारांवर काम करतं, जाणारे थांबवतं आणि येणारेही कमी करतं, आणि प्रिव्हलन्स वर जाईल की खाली हे कुठलं जास्त झालं त्यावर ठरतं. आपलंच गणित वापरा, वर्षाला २० नवीन आणि कालावधी ४ वरून १० झाला तर २००, पण त्याच औषधाने नवीन २० वरून ८ वर आले तर ८ × १० = ८०, म्हणजे प्रिव्हलन्स औषधाच्या आधी होता तेवढाच! नुसता प्रिव्हलन्स बघणारा म्हणेल काहीच बदललं नाही, आणि तिथे तर सगळंच बदललंय.

म्हणून पेपरात प्रश्न वाचताना "इन्सिडन्स तसाच राहील" ला टिक करायच्या आधी दोन गोष्टी तपासा. आजार एकाकडून दुसऱ्याला लागतो का, आणि लागत असेल तर हे औषध ते लागणं थांबवतं का. तुम्ही दिलेल्या प्रश्नात तसं काही म्हटलेलं नाही, फक्त मृत्यू टळतो आणि आजार बरा होत नाही एवढंच आहे, म्हणून तुमच्या की मधलं उत्तर बरोबर आहे. वरचं २०-४-१० चं गणित एकदा स्वतःच्या हाताने वहीत पाच वर्षांपर्यंत करून बघा, १२९ आलं पाहिजे, नाही आलं तर इथेच खाली लिहा, कुठे चुकलं ते बघू.